गाइडवरचा शिक्का आणि तळाची ओळ: विकत घेतलेल्या पीडीएफमधून काय काढता येते आणि काय नाही

समजा, एका विद्यार्थिनीने प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी २४० पानांचे गाइड पीडीएफ स्वरूपात विकत घेतले. फाइल उघडल्यावर तिला प्रत्येक पानावर दोन गोष्टी दिसतात. पानाच्या मधोमध तिरक्या करड्या अक्षरांत तिचे नाव, ईमेल पत्ता, ऑर्डर क्रमांक आणि ‘केवळ वैयक्तिक वापरासाठी’ असे शब्द आहेत. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत कॉपीराइटचे चिन्ह, वर्ष, प्रकाशकाचे नाव आणि पूर्वपरवानगीशिवाय पुनर्मुद्रण करू नये अशी सूचना आहे. तिरकी अक्षरे नेमकी आकृत्यांवर आणि तक्त्यांवर येतात, त्यामुळे काही आकडे नीट वाचता येत नाहीत. तिला वाटते की आपण पैसे मोजले आहेत, गाइड आपल्याच अभ्यासासाठी वापरणार आहोत, तेव्हा हे सगळे पुसून स्वच्छ प्रत करून घेतली तर त्यात कोणाचे काय बिघडते?

हा प्रश्न रास्त आहे. मात्र त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत करता येते का, हा एक प्रश्न. प्रतीवरची हक्काची खूण काढता येते का, हा दुसरा. ‘वैयक्तिक वापर’ हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. दुसऱ्या प्रश्नाला ते आपोआप लागू पडत नाही.

पहिला प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी पाहू. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मध्ये कोणत्या कृतींमुळे कॉपीराइटचा भंग होत नाही, याची लांबलचक यादी आहे. खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी, तसेच संशोधनासाठी केलेला न्याय्य वापर त्या यादीत अगदी सुरुवातीलाच येतो. अशा कारणासाठी साहित्य इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवून ठेवणे हाही भंग नाही, असे स्पष्टीकरण त्याच कलमाला जोडलेले आहे. त्यामुळे गाइड लॅपटॉपवरून टॅबलेटवर घेणे, दुसऱ्या डिस्कवर जपून ठेवणे, अभ्यासाला लागणारी प्रकरणे छापणे, छापलेल्या पानांवर रेघा ओढणे किंवा एखादा तक्ता वहीत उतरवून घेणे, यांपैकी कशाचीही तिने धास्ती बाळगू नये. किती पाने म्हणजे न्याय्य, याची टक्केवारी कायद्यात दिलेली नाही. ‘दहा टक्क्यांपर्यंत चालते’ हे वाक्य अनेकांच्या तोंडी असते, पण या तरतुदीत असा आकडा कुठेही नाही. वापराचा हेतू काय, तो किती आहे आणि त्यामुळे मूळ विक्रीला धक्का बसतो का, हे एकत्र पाहून निर्णय होतो.

ही मोकळीक सर्व देशांत सारखी नाही. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशाने खासगी प्रतीची सवलत द्यायची की नाही हे सदस्य देशांवर सोडले, आणि दिली तर हक्कधारकाला योग्य मोबदला मिळावा अशी अट घातली. ब्रिटनने २०१४ मध्ये स्वतःच्या वापरासाठी प्रत करण्याची व्यापक सवलत आणली, पण हक्कधारकांच्या भरपाईच्या मुद्द्यावर तिथल्या उच्च न्यायालयाने ती पुढच्याच वर्षी रद्द केली. अर्थात खासगी अभ्यासासाठीच्या न्याय्य वापराची जुनी तरतूद तिथे कायम आहे. म्हणून ‘मी विकत घेतले आहे, आता माझे काहीही’ असा जगभर चालणारा नियम आहे असे कोणी समजू नये.

आता दुसरा, अधिक अवघड प्रश्न. तळाची ओळ पुसल्याने कॉपीराइट नाहीसा होत नाही. लेखन निर्माण होताच हक्क अस्तित्वात येतो. त्यासाठी चिन्हाची किंवा सूचनेची गरज नसते. अमेरिकेत पूर्वी सूचना छापणे बंधनकारक होते, पण तिथेही १ मार्च १९८९ पासून हे बंधन उरलेले नाही. मग ही ओळ असते कशासाठी? ती खरेदीदारासाठी फारशी नसतेच, कारण आपण काय घेतले आणि कोणाकडून घेतले हे त्याला ठाऊक असते. पुढे ही प्रत ज्याच्या हाती पडेल, त्या अनोळखी माणसासाठी ती असते. हे कोणाचे आहे, वापरायचे तर परवानगी कोणाकडे मागायची, हे त्याला सांगणारे प्रतीवर दुसरे काहीच नसते. ओळ पुसली की ही माहिती त्या प्रतीपुरती संपते, आणि फाइल मालकाच्या इच्छेविरुद्धही वर्षानुवर्षे फिरत राहू शकते.

म्हणूनच या ओळीला स्वतंत्र संरक्षण मिळाले. १९९६ च्या जागतिक कॉपीराइट कराराच्या बाराव्या अनुच्छेदात ‘हक्क व्यवस्थापन माहिती’ ही कल्पना मांडली आहे. रचना कोणती, लेखक कोण, हक्क कोणाचा, वापराच्या अटी काय, आणि ही माहिती दर्शवणारे आकडे किंवा संकेत, हे सारे त्यात मोडते. भारत या करारात २०१८ मध्ये सामील झाला, पण त्याआधीच २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात कलम ६५ब आले होते. अधिकार नसताना अशी माहिती जाणूनबुजून काढणे किंवा बदलणे, तसेच ती काढली गेल्याचे माहीत असूनही अशा प्रती विनापरवाना वाटणे, हा या कलमाखाली गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास आणि शिवाय दंड अशी शिक्षा आहे, आणि हक्कधारकाला दिवाणी दाद मागण्याचा मार्गही खुला आहे.

इथे एक बारकावा आहे, आणि तो या संपूर्ण विषयातला सर्वांत महत्त्वाचा बारकावा आहे असे मला वाटते. मूळ करारात आणि अमेरिकेच्या कायद्यात माहिती काढण्याच्या कृतीला आणखी एक अट जोडलेली आहे. या कृतीमुळे कॉपीराइटच्या भंगाला चालना मिळेल, तो सोपा होईल किंवा लपून राहील, हे काढणाऱ्याला माहीत असले पाहिजे, किंवा माहीत असण्यास पुरेसे कारण असले पाहिजे. २०१८ मध्ये अमेरिकेतील नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयासमोर असेच एक प्रकरण आले होते. घरांच्या जाहिरातींसाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकप्रणालीतून छायाचित्रांमधली छायाचित्रकारांची माहिती गळून जात होती. माहिती गळाली एवढे पुरेसे नाही, त्यातून भंग होण्याची खरीखुरी शक्यता होती हे दाखवावे लागेल, असे न्यायालयाने म्हटले आणि छायाचित्रकारांचा दावा टिकला नाही. भारताच्या कलम ६५ब मध्ये मात्र माहिती काढण्यासंबंधीच्या उपकलमात अशी जोड अट लिहिलेलीच नाही. तिथे ‘जाणूनबुजून’ आणि ‘अधिकार नसताना’ एवढेच शब्द आहेत. त्यामुळे नुसत्या शब्दांवर बोट ठेवून वाचले, तर घरात बसून, कोणालाही न देता, केवळ पान सुटसुटीत दिसावे म्हणून तळाची ओळ पुसणारी आपली विद्यार्थिनीही त्या चौकटीत येऊ शकते. तिच्यामागे कोणी धावेल असा याचा अर्थ नाही. पण ‘मी फक्त स्वतःसाठी केले’ हा बचाव अमेरिकेत जितका सरळ उभा राहील, तितका तो इथे राहील असे धरून चालता येत नाही. कलम ५२ मधील न्याय्य वापर ‘कॉपीराइटचा भंग होत नाही’ एवढेच सांगतो. कलम ६५ब मधला गुन्हा त्याहून वेगळा लिहिलेला आहे.

मग पानाच्या मधोमध असलेल्या तिरक्या शिक्क्याचे काय? हक्क व्यवस्थापन माहितीची व्याख्या करताना वापरकर्त्याची ओळख पटवण्यासाठी योजलेले साधन किंवा पद्धत तिच्यात धरायची नाही, असे भारतीय कायदा स्पष्टपणे सांगतो. अमेरिकेचा कायदाही वापरकर्त्याची व्यक्तिगत ओळख सांगणारी माहिती व्याख्येबाहेर ठेवतो. कोणी काय विकत घेतले आणि काय वाचले, हा वाचकाच्या खासगीपणाचा भाग आहे, आणि त्याच्या नावाची खूण पुसणे हा गुन्हा ठरला असता तर वाचकाला स्वतःचे नाव झाकणेही अशक्य झाले असते. तेव्हा तिचे नाव आणि ईमेल पत्ता हा तळाच्या ओळीसारखा संरक्षित मजकूर नाही.

पण एवढ्यावरून तिने लगेच शिक्का पुसायला घेऊ नये, कारण असे शिक्के बहुधा मिश्र असतात. आपल्या उदाहरणातल्या शिक्क्यात नावाबरोबर ‘केवळ वैयक्तिक वापरासाठी’ हे शब्द आहेत, आणि ही वापराची अट आहे. वापराच्या अटी व्याख्येत मोडतात. ऑर्डर क्रमांकाचे स्वरूप तर दोन्हीकडचे आहे: तो खरेदीदाराकडे बोट दाखवतो म्हणून बाहेरचा म्हणता येईल, आणि त्या क्रमांकाला विशिष्ट परवाना जोडलेला असेल तर तो आतलाही ठरू शकेल. तिरका शिक्का सबंध उचलला की नावाबरोबर अटही जाते. शिवाय कायद्याच्या जोडीला करारही असतो. पीडीएफ घेताना आपण बहुतेक वेळा पुस्तकाची मालकी घेत नाही, वापराचा परवाना घेतो. त्या अटींत ‘कोणतीही खूण काढू नये’ असे एक कलम हमखास असते. ते मोडले तर गुन्हा घडो वा न घडो, खाते बंद होणे आणि पुढच्या आवृत्त्या न मिळणे हे विक्रेत्याच्या हातात राहते.

तिसरी गोष्ट कुलपाची, पण तिच्यावर फार थांबण्याचे कारण नाही. काही फाइलींना संपादन किंवा छपाई रोखणारा पासवर्ड असतो. शिक्का काढण्यासाठी आधी ते कुलूप तोडावे लागत असेल, तर प्रश्न कलम ६५ब पुरता उरत नाही, तो कलम ६५अ पर्यंत जातो. भारतात त्या कलमासाठी हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. अमेरिकेत प्रवेशाचे कुलूप तोडणे हेच बहुतांशी स्वतंत्रपणे निषिद्ध आहे.

आता विद्यार्थिनीच्या खऱ्या अडचणीकडे वळू, कारण तिला कायद्याशी झुंजायचे नाही, तक्ते वाचायचे आहेत. सर्वांत सरळ उपाय म्हणजे विक्रेत्याला पानांचे क्रमांक देऊन कळवणे. अक्षरे फिकी करणे, शिक्का समासात हलवणे, किंवा ईमेलऐवजी फक्त ऑर्डर क्रमांक ठेवणे हे त्याच्या बाजूने अवघड नसते, कारण शिक्का प्रत्येक खरेदीच्या वेळी यंत्रानेच टाकलेला असतो. वाचता न येणारी पाने ही विकलेल्या मालातली त्रुटी आहे, आणि ती तशी मांडलेली बरी. तोपर्यंत न वाचता येणारे आकडे मोठे करून पाहून तिने वहीत उतरवून घेतले, तर ती टिपणे तिचीच आहेत. तिथे कसलीही खूण काढण्याचा प्रश्न येत नाही.

छापताना एक वेगळी गंमत होते. कागद वाचवण्यासाठी ती एका पानावर दोन पाने बसवते, समास कापला जातो आणि त्याबरोबर तळाची ओळही जाते. हे ‘जाणूनबुजून काढणे’ झाले का? छपाईच्या मांडणीत ओळ कापली जाणे आणि ओळ नाहीशी व्हावी म्हणून ती कापणे यांत फरक आहे, आणि हा फरक तिच्या वागण्यातून दिसला पाहिजे. गाइडचे मुखपृष्ठ आणि प्रकाशनाची माहिती असलेले पान तिने आधी छापून त्याच गठ्ठ्याला जोडले, तर ही प्रत कोणाच्या लेखनाची आहे हे लपवण्याचा तिचा हेतू नव्हता हे कागदच सांगेल. शंभर टक्के खात्री यातून मिळत नाही, पण दोन पानांच्या खर्चात याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

शिक्क्याचा सर्वाधिक त्रास होतो तो दृष्टिहीन विद्यार्थ्यांना, आणि याबद्दल फार कमी बोलले जाते. पीडीएफमध्ये पानाची सजावट ठरणारे घटक ‘आर्टिफॅक्ट’ म्हणून नोंदवायची सोय असते. शिक्का तसा नोंदवलेला असेल तर पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तो गाळून पुढे जाते. नोंदवलेला नसेल तर तेच नाव, तोच ईमेल पत्ता आणि तोच क्रमांक प्रत्येक पानावर, कधी वाक्याच्या मध्येच, वाचला जातो. २४० पानांच्या गाइडमध्ये २४० वेळा. यातला दोष ओळखणे सोपे आहे. परिच्छेद निवडून दुसऱ्या फाइलीत चिकटवला आणि वाक्यांच्या मध्ये आपले नाव आले, तर शिक्का साधा मजकूर म्हणून टाकलेला आहे. अशा वाचकांसाठी कायद्याची भूमिका उदार आहे. अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात रचना बदलून घेण्याची सवलत कलम ५२ मध्येच २०१२ च्या दुरुस्तीने आली, आणि याच हेतूने २०१३ साली झालेला माराकेश करार २०१४ मध्ये सर्वांत आधी भारताने मंजूर केला. रूपांतर करताना शिक्क्याची २४० वेळची पुनरावृत्ती टाळली, तरी शीर्षक, लेखक आणि हक्काची सूचना सुरुवातीला एकदा मजकुरात राहू द्यावी. वाचकाला त्याचा अडथळा होत नाही आणि माहितीही शाबूत राहते.

शिक्का काढावासा वाटण्याचे आणखी एक कारण असते, आणि ते लोक उघडपणे सांगत नाहीत: फाइल कुठे तरी फुटली तर आपले नाव यायला नको. ही भीती निराधार नाही. फाइल फुटण्याचा एक अगदी साधा मार्ग म्हणजे छपाई करून देणाऱ्याच्या संगणकावर ती तशीच राहून जाणे. पुढच्या कोणा गिऱ्हाइकाने ती उचलली की तिच्या नावासकट गाइड फिरू लागते. पण अशा वेळी ऑर्डर क्रमांक फक्त प्रत कोणाला विकली होती हे दाखवतो. ती कोणी पसरवली हे त्यावरून सिद्ध होत नाही. विक्रेत्याने विचारले तर घडले ते सांगता येते आणि छपाईची तारीखही देता येते. याउलट फिरणाऱ्या फाइलीतून दिसणारा शिक्का पुसलेला असेल, आणि तरीही ती तिचीच असल्याचे कळले, तर अपघाताची गोष्ट पटवणे फार कठीण जाते. तसे कळूही शकते, कारण डोळ्यांना दिसणारा शिक्का ही अनेकदा एकमेव खूण नसते. फाइलच्या गुणधर्मांत लिहिलेला क्रमांक, पानाच्या कोपऱ्यातले जवळजवळ अदृश्य ठिपके, शब्दांमधल्या अंतरात केलेले सूक्ष्म बदल अशाही खुणा विक्रेते वापरतात. म्हणून नाव झाकण्यापेक्षा फाइल सांभाळणे हाच खरा उपाय ठरतो. छापून झाल्यावर फाइल समोर उभे राहून काढून टाकायला लावावी, ती ईमेलने न पाठवता स्वतःच्या पेनड्राइव्हवर न्यावी, आणि शक्य असेल तर लागणाऱ्या प्रकरणांचीच पाने सोबत न्यावीत.

आता सीमेपलीकडच्या गोष्टी. मैत्रिणीला शेजारी बसवून त्याच पडद्यावर गाइड दाखवणे म्हणजे प्रत करणे नव्हे. तिला फाइल पाठवणे मात्र प्रत देणे आहे, आणि तिथे ‘वैयक्तिक’ हा शब्द संपतो, मग शिक्का जागेवर असो वा नसो. चाळीस जणांच्या अभ्यासगटात टाकणे तर उघड वाटप आहे. पाच जणींनी वर्गणी काढून एकच प्रत घेणे हा सर्वांत प्रामाणिक वाटणारा आणि तरीही बहुतेक परवान्यांत न बसणारा प्रकार आहे, कारण परवाना एका नावाने असतो. मला यात विक्रेत्यांचीही चूक दिसते: गटासाठी वाजवी दराचा परवाना ठेवला असता तर या पाचही जणी तो आनंदाने घेतील.

शेवटी परीक्षा संपते आणि धाकट्या भावंडाला गाइड देण्याची वेळ येते. दुकानातून छापील पुस्तक घेतले असते तर ते देता किंवा विकता आले असते, कारण एकदा विकलेल्या त्या प्रतीच्या पुढच्या प्रवासावर प्रकाशकाचा हक्क उरत नाही. पीडीएफला हे तत्त्व लागू पडत नाही. हस्तांतर करताना नवी प्रत तयार होते. डाउनलोड केलेली ईपुस्तके अशा रीतीने पुन्हा विकता येत नाहीत, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. तिने घरी छापलेला गठ्ठाही ‘विकत घेतलेली प्रत’ नाही; ती वैयक्तिक उपयोगासाठी केलेली प्रत आहे, आणि दुसऱ्याच्या हाती जाताच तिला मिळालेले ते संरक्षण दुबळे होते. तिच्या हाताने लिहिलेली वही मात्र ती निःसंकोच देऊ शकते, गाइडमधले तक्ते आणि उतारे जसेच्या तसे उतरवून पाने भरलेली नसतील तर. गाइडच द्यायचे असेल तर खाते भावाच्या नावावर करून मिळेल का, असे विक्रेत्याला विचारावे. काही जण ते करून देतात, आणि करून दिल्यावर नव्या फाइलवर शिक्का भावाच्या नावाचा येतो.